चारी दिशांना चढ, तरी तळ नव्हे

x² + 3xy + y² हे फंक्शन दिसायला अगदी साधे आहे. x आणि y दोन्ही शून्य घेतले की त्याची किंमत शून्य येते. आता y शून्यच ठेवून x थोडा वाढवा, ०.१ करा. किंमत ०.०१ होते, म्हणजे वाढते. x उणे ०.१ केला तरी ०.०१च. x शून्यावर आणून y दोन्हीकडे हलवला तरी उत्तर बदलत नाही. x म्हणजे पूर्व-पश्चिम, y म्हणजे उत्तर-दक्षिण आणि फंक्शनची किंमत म्हणजे जमिनीची उंची असे धरले, तर चारी दिशांना चढच आहे. आपण खोलगट जागेच्या तळाशी उभे आहोत, असे कोणीही म्हणेल.

पण x = 0.1 आणि y = −0.1 घेऊन पाहा. 0.01 − 0.03 + 0.01, म्हणजे उणे ०.०१. आग्नेयेला एक पाऊल टाकले आणि आपण खाली उतरलो. वायव्येला टाकले तरी तेच. हा तळ नाही, ही खिंड आहे. वाट दोन्ही बाजूंना उतरते आणि दोन्ही हातांना डोंगर चढत जातो, अशी जागा. गणितात तिला सॅडल पॉइंट म्हणतात. फक्त ही खिंड अक्षांना तिरकी बसली आहे, म्हणून अक्षांवरून चालणाऱ्याला ती दिसलीच नाही.

दोन चलांच्या फंक्शनमध्ये कमाल किंवा किमान किंमत शोधताना पहिली पायरी सगळ्यांना ठाऊक असते. x च्या दिशेचा चढ आणि y च्या दिशेचा चढ, दोन्ही शून्य करणारे बिंदू काढायचे. यांना क्रिटिकल पॉइंट म्हणतात. तिथे जमीन क्षणभर सपाट असते, पण सपाट जमीन शिखरावर असते, तळाशी असते आणि खिंडीतही असते. यांतली कोणती, हे पहिल्या डेरिव्हेटिव्हवरून कळत नाही. त्यासाठी जमीन कशी वळते आहे हे पाहावे लागते, आणि वळण सांगतात दुसरे डेरिव्हेटिव्ह. x च्या दिशेचे वळण एक, y च्या दिशेचे एक, आणि तिसरे मिश्र: x च्या दिशेने सरकताना y कडचा चढ किती बदलतो ते. वरच्या उदाहरणात पहिली दोन २ आणि २ आहेत आणि मिश्र ३ आहे. आपली फसगत झाली ती या ३ कडे पाहिलेच नाही म्हणून.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हाच विषय r, s, t या अक्षरांनी शिकवतात. r आणि t ही अक्षांवरची वळणे, s मिश्र. मग rt − s² काढायचे. ते धन आणि r धन असेल तर किमान, ते धन आणि r ऋण असेल तर कमाल, ते ऋण असेल तर सॅडल, शून्य असेल तर सांगता येत नाही. नियम बरोबर आहे. पण तो असा का, हे सहसा सांगितले जात नाही, म्हणून परीक्षा झाली की तो विसरला जातो. कारण समजून घ्यायचे तर हे आकडे चौकटीत मांडावे लागतात: पहिल्या ओळीत r आणि s, दुसऱ्या ओळीत s आणि t. लुडविग ओटो हेस या जर्मन गणितज्ञाच्या नावावरून या मॅट्रिक्सला हेसियन म्हणतात.

आता प्रश्न असा विचारायचा: बिंदूभोवती गोल फिरत प्रत्येक दिशेला जमिनीचे वळण मोजले, तर ते कुठे सर्वांत जास्त भरेल आणि कुठे सर्वांत कमी? प्रत्येक जमिनीच्या अशा दोन दिशा असतात आणि त्या एकमेकींना काटकोनात असतात. त्या दोन दिशांची वळणे म्हणजेच हेसियनच्या आयगेनव्हॅल्यू. बाकी कुठल्याही दिशेचे वळण या दोन आकड्यांच्या मधेच पडते. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. सर्वांत लहान वळणच धन असेल, तर एकही दिशा उतरती असू शकत नाही, म्हणजे तळ. सर्वांत मोठे वळणच ऋण असेल, तर एकही दिशा चढती नाही, म्हणजे शिखर. एक धन आणि एक ऋण असेल तर खिंड. अनंत दिशा तपासण्याचे काम दोन आकड्यांवर येते.

हे आकडे काढायला दोन चलांपुरती सोपी युक्ती आहे. दोन्ही आयगेनव्हॅल्यूंची बेरीज r + t असते आणि त्यांचा गुणाकार rt − s² असतो. आपल्या उदाहरणात बेरीज ४, गुणाकार ४ वजा ९ म्हणजे उणे ५. ज्यांची बेरीज ४ आणि गुणाकार उणे ५ अशा दोन संख्या म्हणजे ५ आणि उणे १. एक धन, एक ऋण, म्हणजे खिंड. ५ ची दिशा ईशान्य-नैर्ऋत्य, आणि उणे १ ची आग्नेय-वायव्य, जिथे आपण उतरलो तीच. अक्ष या दोन दिशांच्या बरोबर मध्ये, ४५ अंशांवर आहेत. म्हणून अक्षांवर दिसते ते ५ आणि उणे १ यांची सरासरी, म्हणजे २. उतार होता, पण सरासरीत बुडाला होता.

rt − s² चा अर्थही इथेच उलगडतो. तो दोन आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार आहे. गुणाकार ऋण म्हणजे चिन्हे विरुद्ध, म्हणून खिंड. गुणाकार धन म्हणजे दोन्हींचे चिन्ह एकच, आणि ते कोणते हे r सांगतो. मात्र चले तीन झाली की गुणाकारावर विसंबता येत नाही. दोन ऋण आणि एक धन यांचा गुणाकारही धनच येतो. आयगेनव्हॅल्यूंचा नियम तिथेही जसाच्या तसा चालतो, आणि माझ्या मते सुरुवातीपासून तोच शिकवायला हवा.

आता थोडे मोठे उदाहरण घेऊ: x³ + y³ − 3xy. दोन्ही चढ शून्य करायचे तर y = x² आणि x = y² हवे. ही दोन्ही समीकरणे (0, 0) आणि (1, 1) या दोनच बिंदूंवर जुळतात. या फंक्शनमध्ये r आहे 6x, t आहे 6y आणि s उणे ३. वळणे आता जागेनुसार बदलतात, म्हणून प्रत्येक बिंदूच्या किमती घालून वेगळे मॅट्रिक्स तयार करावे लागते. घाईत ही पायरी हमखास चुकते. (0, 0) पाशी बेरीज शून्य, गुणाकार उणे ९, म्हणून आयगेनव्हॅल्यू ३ आणि उणे ३: खिंड. (1, 1) पाशी बेरीज १२, गुणाकार ३६ वजा ९ म्हणजे २७, म्हणून ९ आणि ३: तळ, आणि त्याची उंची उणे १.

९ आणि ३ हे आकडे 'तळ' एवढेच सांगून थांबत नाहीत. ३ ची दिशा ईशान्य-नैर्ऋत्य आहे. त्या दिशेने (1.1, 1.1) ला गेलो तर उंची उणे ०.९६८ होते, म्हणजे चढ ०.०३२. ९ च्या दिशेने तेवढेच अंतर चालून (1.1, 0.9) ला गेलो तर उंची उणे ०.९१ होते, म्हणजे चढ ०.०९. जवळजवळ तिप्पट, आयगेनव्हॅल्यूंच्या प्रमाणातच. या तळाभोवती समान उंचीच्या रेषा काढल्या तर त्या वर्तुळे नसतील, ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने लांबट असतील. नुसत्या rt − s² मधून हा आकार कळत नाही. आणि हा तळ फक्त आसपासच्या प्रदेशातला आहे. x = −10, y = 0 घेतले तर किंमत उणे १००० येते. आयगेनव्हॅल्यू शेजारची जमीन सांगतात, दूरच्या दऱ्यांविषयी काही बोलत नाहीत.

दोन चलांची ही कसोटी लाग्रांजने १७५९ साली इटलीतल्या तुरीनमध्ये मांडली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. तिची मर्यादा नेमकी दाखवणारे उदाहरणही तुरीनमधूनच आले. १८८४ मध्ये जुझेप्पे पेआनोने आपले गुरू जेनोक्की यांची कॅल्क्युलसवरची व्याख्याने संपादित करून छापली आणि त्यात स्वतःची भर घातली. त्यातल्या उदाहरणाचे सोपे रूप असे: (y − x²)(y − 3x²). (0, 0) पाशी दोन्ही चढ शून्य आहेत. r शून्य, s शून्य, t दोन, म्हणून आयगेनव्हॅल्यू २ आणि ०. शून्य आले की कसोटी थांबते, कारण त्या दिशेला जमीन दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या नजरेला सपाट दिसते आणि पुढचा निर्णय त्याहून बारीक पदे करतात.

मग वाटते, प्रत्येक सरळ रेषेवरून चालून पाहावे. या बिंदूतून जाणारी कोणतीही सरळ रेषा घ्या, फंक्शन तिच्यावर दोन्ही बाजूंना वाढते. x-अक्षावर ते 3x⁴ आहे, y-अक्षावर y², आणि तिरक्या रेषांवरही बिंदूच्या जवळ धनच. एकही सरळ दिशा उतरती नाही. तरी हा तळ नाही! y = 2x² या वळणदार वाटेने निघा. पहिला कंस x² होतो, दुसरा उणे x², आणि गुणाकार उणे x⁴. x = 0.1, y = 0.02 घेतले की किंमत उणे ०.०००१ येते. दोन पॅराबोलांच्या मधली चिंचोळी पट्टी शून्याच्या खाली आहे, आणि प्रत्येक सरळ रेषा बिंदूजवळ तिला टाळून जाते. हे उदाहरण कागदावर सोडवायला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात 'सगळ्या दिशा तपासल्या' या शब्दांवरचा भाबडा विश्वास कायमचा उडतो.

म्हणून शून्य आयगेनव्हॅल्यू आली की 'किमान' किंवा 'सॅडल' असे लिहून मोकळे होऊ नये. मूळ फंक्शनकडे परत जावे, त्याचे गुणक पाडून ते कुठे ऋण होते ते पाहावे. x⁴ + y⁴, x⁴ − y⁴ आणि −x⁴ − y⁴ या तिघांचे हेसियन (0, 0) पाशी सारखेच, चारही जागी शून्य. पण पहिल्याला तिथे तळ आहे, दुसऱ्याला खिंड, तिसऱ्याला शिखर. संगणकावर काम करणाऱ्यांनी याच कारणाने फार लहान आयगेनव्हॅल्यूंपासून सावध राहावे. आकडेमोडीतल्या किरकोळ गोळाबेरजेनेही त्यांचे चिन्ह उलटू शकते, आणि तळाची खिंड झालेली दिसते.

ज्यांना हात चालवून पाहायचा आहे त्यांनी x⁴ + y⁴ − 4xy घ्यावे. तीन क्रिटिकल पॉइंट मिळतील. (0, 0) पाशी ४ आणि उणे ४ यायला हवेत, (1, 1) आणि (−1, −1) पाशी १६ आणि ८.