लेखनिकाचा भरवसा कसा मोजतात?

अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि शेजारी बसलेला लेखनिक ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. हे लेखनिक पुरवणाऱ्या संस्थांचा सगळा कारभार स्वयंसेवकांवर चालतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थीला दर तासामागे किमान 20 मिनिटे वाढीव वेळ मिळतो, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. केंद्रावर अर्धा तास आधी पोचणे आणि जाण्यायेण्याचा प्रवास धरला, की लेखनिकाचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो. त्याबद्दल त्याला पगार मिळत नाही. म्हणूनच पगारवाढ रोखणे, मेमो देणे, गोपनीय अहवालात शेरा मारणे यांतले कोणतेही साधन समन्वयकाच्या हाती नसते. पण तो आलाच नाही, तर विद्यार्थ्याचा पेपर बुडण्याची, प्रसंगी वर्ष वाया जाण्याची वेळ येते. म्हणून कोणावर किती विसंबायचे, हे संस्थेला परीक्षेचा हंगाम सुरू होण्याआधी ठाऊक असावे लागते.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तास मोजणे. वर्षाअखेरीस ज्याचे तास जास्त त्याला पहिला मान, हा हिशेब सोपा आहे. पण त्यातून योगदान कळते, भरवसा कळत नाही. भरवसा कळायचा तर दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द शेजारी शेजारी मांडावा लागतो. नोंदवहीत प्रत्येक पेपरापुढे चारांपैकी एकच शेरा पुरतो: आला, वेळेत कळवून नकार दिला, ऐनवेळी नकार दिला, न कळवता आला नाही. ‘वेळेत’ म्हणजे किती आधी, हे संस्थेने अगोदरच ठरवून सर्वांना सांगितलेले असावे. दोन दिवसांची मर्यादा व्यवहाराला धरून आहे, कारण परीक्षार्थीला लेखनिकाची भेट परीक्षेच्या दोन दिवस आधी घेता यावी, असे केंद्र सरकारच्या 2018च्या सूचनांत म्हटले होते. तेवढ्या अवधीत दुसरा माणूस शोधता येतो आणि त्याची कागदपत्रे केंद्राकडे पोचवता येतात.

समजा, एका लेखनिकाने मार्च-एप्रिलमध्ये बारा पेपर घेतले. नऊला तो आला, एकाचा नकार चार दिवस आधी कळवला, एकाचा आदल्या रात्री कळवला आणि एकाला न कळवता गैरहजर राहिला. दुसरीने पाचच पेपर घेतले आणि पाचही लिहिले. तासांच्या हिशेबात पहिला बराच पुढे दिसतो. भरवशाचा हिशेब मात्र वेगळा निघतो. चार दिवस आधी आलेला नकार त्यातून वगळायचा, कारण त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. उरलेल्या अकरांपैकी दोन शब्द मोडले. दुसरीचा एकही मोडला नाही. या दोन नोंदी मिसळून एकच गुण काढला, तर दोघांवरही अन्याय होतो. पहिल्याने नऊ विद्यार्थ्यांचे पेपर पार पाडले आहेत, त्याबद्दलचे आभार पूर्ण मनाने मानायचे. पण ज्या पेपराला पर्यायी माणूस मिळणे अवघड, तो दुसरीकडे द्यायचा आणि पहिल्याच्या पेपराला राखीव लेखनिक ठेवायचा. वेळेवर दिलेला नकार उणेपणा धरला, की लोक नकार देणेच टाळतात, ‘बघतो’ म्हणतात आणि सकाळी फोन बंद ठेवतात. संस्थेला खरा धोका असतो तो या ‘बघतो’पासून.

शेरा लिहिण्यापूर्वी संस्थेने स्वतःची बाजूही तपासली पाहिजे. केंद्राचा पत्ता नेमका दिला होता का? एकाच महाविद्यालयाच्या दोन इमारती असतात आणि लेखनिक चुकीच्या फाटकाशी थांबून राहतो. विद्यार्थ्याचा फोन नंबर, हॉल तिकिटावरची वेळ आणि ओळखपत्राची आठवण वेळेत गेली होती का? गैरहजेरी एकाच दूरच्या केंद्राबाबत किंवा फक्त सकाळच्या पेपरांना दिसत असेल, तर दोष बहुधा माणसापेक्षा नेमणुकीत असतो.

लेखनाचा दर्जा तपासणे याहून अवघड आहे, कारण उत्तरपत्रिका सीलबंद होऊन जाते आणि विद्यार्थ्याला ती दिसतही नाही. त्यासाठी हंगामाआधी पंधरा मिनिटांची चाचणी घेता येते. एक उतारा सामान्य बोलण्याच्या वेगाने सांगायचा, त्यात दोन-तीन अवघड संज्ञा घालायच्या आणि एक वाक्य मुद्दाम चुकीचे ठेवायचे. अक्षर वाचता येते का, शुद्धलेखन कसे आहे, संज्ञा अडली तर लेखनिक विचारतो की अंदाजाने लिहितो, हे लगेच कळते. चुकीचे वाक्य त्याने परस्पर सुधारले, तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी. चांगल्या हेतूने, विशेषतः विषय येत असलेल्या लेखनिकाकडून, हेच घडते. परीक्षेत मात्र तो गैरप्रकार ठरतो आणि शिक्षा विद्यार्थ्याला होते. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे, ही 2018च्या सूचनांतली अट याच शंकेतून आली होती, असे दिसते.

पेपरानंतर विद्यार्थ्याला फोन करायचा असतो, पण ‘लेखनिक कसा होता?’ या प्रश्नाला ‘छान होता’ एवढेच उत्तर मिळते. तक्रार केली तर पुढच्या पेपराला कोणी मिळणार नाही, ही भीती त्यामागे असते. म्हणून नेमणूक करणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो पूर्वी लेखनिक घेऊन परीक्षा दिलेल्या अंध व्यक्तीने, हा फोन करावा. प्रश्न नेमके असावेत. लेखनिक किती वाजता भेटला? सगळे प्रश्न, ‘किंवा’नंतरचे पर्यायसुद्धा, वाचून दाखवले का? लिहिलेले परत वाचायला सांगितले तेव्हा वाचले का? वेळ संपत आल्याचे सांगितले का? एकाच विद्यार्थ्याच्या बोलण्यावरून निवाडा करू नये. तीन पेपरांत तीच गोष्ट ऐकू आली, तर लेखनिकाशी बोलायची वेळ झाली असे समजावे.

हे बोलणे एकट्याला फोन करून व्हावे, गटाच्या संदेशात कधीच नाही. ‘तुमच्याकडे सध्या कामाची ओढ जास्त आहे का? या वेळी राखीव यादीत ठेवू का?’ असे विचारले, की बहुतेकदा माणूस आपणहून खरी अडचण सांगतो. न कळवता दुसऱ्यांदा गैरहजर राहिलेल्याला राखीव यादीत ठेवावे. उत्तर स्वतःच्या मनाने लिहिणाऱ्याची मात्र नेमणूक लगेच थांबवावी, तिथे दुसरी संधी देऊ नये.

कौतुक म्हणून मानधन द्यावे का, हा प्रश्न संस्थांत वारंवार निघतो. प्रवासखर्च देणे योग्यच. त्याने कमी मिळकतीच्या माणसालाही येता येते. कामाच्या किरकोळ मोबदल्याबद्दल मात्र सावध राहावे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इस्रायलमधले शाळकरी विद्यार्थी दारोदार देणगी गोळा करत होते. ज्यांना काहीच मोबदला नव्हता, त्यांनी सर्वाधिक रक्कम जमवली. जमलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला मिळणाऱ्यांनी सर्वांत कमी जमवली आणि दहा टक्केवाल्यांनाही बिनमोबदला गटाची बरोबरी साधली नाही.

लेखनिकाला उपयोगी पडते ते नेमके लिहिलेले प्रमाणपत्र. ‘अमूल्य सेवा’ या शब्दांपेक्षा ‘नऊ पेपर, त्यांपैकी चार गणिताचे, दोन हंगाम’ ही नोंद नोकरीच्या मुलाखतीतही कामी येते. ज्याचा एकही शब्द मोडला नाही, त्याच्याकडे नव्या लेखनिकांची चाचणी घेण्याचे काम द्यावे. हंगाम संपल्यावर प्रत्येकाला त्याच्या नावापुढची नोंद दाखवावी आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावी. आजारपण किंवा घरातला मृत्यू यामुळे चुकलेला पेपर त्याच वेळी शेऱ्यातून काढून टाकता येतो.