व्याजाची अदलाबदल आणि तिचे मोल

लंडन शहरात हॅमरस्मिथ आणि फुलहॅम नावाचा एक विभाग आहे. तेथील कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडील नगरपालिकेसारख्या संस्थेने, 1983 ते 1989 या काळात बँकांशी व्याजाच्या अदलाबदलीचे सुमारे सहाशे करार केले. त्या करारांत लिहिलेल्या रकमांची बेरीज सुमारे 600 कोटी पौंड होती. कौन्सिलचे स्वतःचे कर्ज मात्र सुमारे 39 कोटी पौंडांचेच होते. असा करार केला की आपण नेमके किती देणे लागतो, हा प्रश्न तेथील करदात्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा होता. त्याचे उत्तर काढण्याची रीत फार अवघड नाही. आज तीच आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

आधी करार समजून घेऊ. इंग्रजीत त्याला ‘स्वॅप’ म्हणतात. दोन पक्ष एक रक्कम ठरवितात. समजा ती एक कोटी पौंड आहे आणि मुदत तीन वर्षांची. बँक म्हणते, या रकमेवर आम्ही तुम्हांला दरसाल शेकडा 9 प्रमाणे ठराविक व्याज देऊ. कौन्सिल म्हणते, आम्ही तुम्हांला त्याच रकमेवर दरवर्षी बाजारात जो दर असेल त्याप्रमाणे व्याज देऊ. ती एक कोटीची रक्कम कोणीच कोणाला देत नाही. ती केवळ हिशेबापुरती असते. वर्षअखेर दोन व्याजांतील फरक तेवढा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कामगारांच्या करारात मूळ पगार ठराविक आणि महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वरखाली होणारा असतो, हे आपल्याला परिचयाचे आहे. येथे एक पक्ष ठराविकाची बाजू घेतो आणि दुसरा वरखाली होणाऱ्याची.

आता असा करार हातात असताना त्याचे आजचे मोल काय? पहिल्यांदा वाटते की पुढील तीन वर्षांत व्याजाचे दर काय होतील हे ठाऊक असल्याखेरीज ते सांगता येणार नाही. येथे हिशेबनिसांनी एक साधी युक्ती योजली आहे. मुदतीच्या शेवटी दोघांनी एकमेकांना एकेक कोटी पौंड दिले असे मानावे. दोन्ही रकमा सारख्या, म्हणून कोणाचे काही वाढत नाही की घटत नाही. पण एवढे मानले की कराराचे दोन रोखे होतात. कौन्सिलच्या हातात ठराविक व्याजाचा रोखा आहे आणि तिने बँकेला बदलत्या व्याजाचा रोखा लिहून दिला आहे. पहिल्याच्या किमतीतून दुसऱ्याची किंमत वजा केली की कराराचे मोल निघते.

बदलत्या व्याजाच्या रोख्याकडे प्रथम पाहू, कारण सारी मेख तेथे आहे. ज्या दिवशी पुढील वर्षाचा दर नव्याने ठरतो, त्या दिवशी या रोख्याची किंमत बरोबर 100 असते. का? आपल्याजवळ रोख 100 असतील तर ते आपण एका वर्षासाठी बाजारच्या दराने ठेवू शकतो. वर्षअखेर व्याज उचलावे आणि 100 पुन्हा त्या वेळच्या दराने ठेवावेत. असे करीत गेल्यास रोखाधारकाला जे मिळते तेच सारे आपल्यालाही मिळते, आणि शेवटी 100 हातात राहतात. जे 100 रुपयांत घरी करता येते त्याला बाजारात कोणी 101 देणार नाही आणि 99 ला कोणी विकणारही नाही. दर चढले तर व्याज जास्त मिळते, पण त्याच चढत्या दराने पुढच्या रकमांवर वटावही जास्त बसतो. दोन्ही एकमेकांना काटतात. म्हणून भविष्य वर्तविण्याची गरज उरत नाही.

ठराविक व्याजाच्या रोख्याचे तसे नाही. त्याच्या रकमा आज ठरलेल्या आहेत आणि वटाव मात्र बाजारच्या दराने. सोयीसाठी सर्व मुदतींचा दर एकच आहे असे धरू. करार होताना तो 9 असेल तर रोख्याची किंमत 100 आणि कराराचे मोल शून्य. म्हणूनच सहीच्या दिवशी तिजोरीतून काही जात नाही. आता सही झाल्याबरोबर बाजारचा दर 12 वर गेला आणि बदलत्या बाजूचे पहिले व्याजही त्याच दराने ठरले असे समजा. एक वर्षाने मिळणाऱ्या 1 पौंडाचे आजचे मोल सुमारे 0.893, दोन वर्षांनी मिळणाऱ्याचे 0.797 आणि तीन वर्षांनी मिळणाऱ्याचे 0.712. या तिन्हींची बेरीज 2.402. तेव्हा 9 पौंडांच्या तीन हप्त्यांचे मोल 21.6 आणि शेवटच्या शंभरांचे 71.2, एकूण सुमारे 92.8. त्यातून 100 वजा केले की उणे 7.2 उरतात. एक कोटीच्या करारावर कौन्सिलला आजच सुमारे 7 लाख 20 हजार पौंडांचा तोटा आहे, जरी अजून एकही हप्ता दिलेला नाही.

हा हिशेब ताडून पाहता येतो. आज नवा करार केला असता तर शेकडा 12 मिळाले असते. जुन्यात 9 मिळतात. दरवर्षी 3 कमी, तीन वर्षे. 3 ला 2.402 ने गुणा, पुन्हा 7.2 च येतात. दोन वाटांनी आलेले आकडे जुळले नाहीत तर कोठे तरी चूक आहे असे समजावे.

बहुतेक वेळा चूक एकाच जागी होते. बदलता रोखा नेहमीच 100 चा असे मानले जाते. पण ते दर ठरण्याच्या दिवशीच खरे. समजा सहा महिन्यांपूर्वी चालू वर्षाचा दर 9 ठरला आणि आता बाजार 12 वर आहे. मग सहा महिन्यांनी 9 व्याज मिळणार हे पक्के आहे आणि त्या दिवशी रोखा पुन्हा 100 चा होणार. म्हणून एकूण 109 वर सहा महिन्यांचा वटाव बसवावा. उत्तर सुमारे 103 येते. दुसरी चूक खुणेची. ठराविक व्याज घेणाऱ्याचा तोटा तो देणाऱ्याचा नफा असतो. आपण कोणत्या बाजूला आहोत हे आधी कागदावर लिहून ठेवावे.

या रीतीलाही मर्यादा आहे. बदलता दर आणि वटावाचा दर एकच आहे असे ती धरून चालते. 2007 व 2008 सालच्या आर्थिक संकटात बँकांचा एकमेकींवरील विश्वास उडाला, तेव्हा हे दोन दर एकमेकांपासून बरेच दूर गेले. तेव्हापासून मोठ्या बँका दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडतात, आणि बदलता रोखा मग नेमका 100 चा राहत नाही. समोरचा पक्ष बुडाला तर काय, याचा विचारही या वजाबाकीत नाही.

हॅमरस्मिथचे पुढे काय झाले ते सांगतो. तेथील बरेचसे करार दर घसरले तरच लाभ देणारे होते. ब्रिटनमधील बँकांचा मूळ दर मे 1988 मध्ये शेकडा साडेसात होता. ऑक्टोबर 1989 मध्ये तो 15 झाला. वरचा हिशेब सहाशे करारांवर मांडून पाहा, म्हणजे करदात्यांच्या मानेवर काय बसणार होते ते कळेल. अखेर जानेवारी 1991 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की असे करार करण्याचा कौन्सिलला अधिकारच नव्हता, आणि म्हणून ते सारे रद्द आहेत. तोटा बँकांच्या अंगावर गेला.

कायद्याने ते करदाते वाचले. पण अशा करारांच्या ताळेबंदात मूळ रकमेचा मोठा आकडा दिसतो आणि ‘दिले शून्य’ असेही दिसते. त्यांपैकी कोणताही देणे सांगत नाही. देणे सांगतो तो दोन रोख्यांतील फरक, आणि तो दर हप्त्याच्या तारखेला नव्याने काढता येतो. सार्वजनिक पैशाचा असा करार जेथे असेल तेथे सभासदांनी हाच एक आकडा मागावा.