भेंडीच्या एका झाडाची छायाचित्रवही

पान, फूल आणि फळ या तिन्हींच्या नोंदी छायाचित्रांतून ठेवायच्या असतील, तर शाळेच्या परसबागेतले भेंडीचे झाड सोयीचे पडते. पेरणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत ते फुलावर येते आणि फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. निरीक्षणासाठी एकच झाड ठरवून त्याला क्रमांकाची पट्टी बांधावी.

पानांची सुरुवात खालून करावी. बुंध्याजवळची पाने बरीचशी गोलसर असतात, वरच्या पानांच्या कडा खोल कापलेल्या दिसतात. प्रत्येक पानाची दोन छायाचित्रे घ्यावीत, एक वरून आणि एक खालून, कारण पांढरी माशी पानाच्या मागच्या बाजूला बसते. ती केवडा किंवा हळद्या या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करते. या रोगात कोवळ्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मधला भाग हिरवा राहतो, त्यामुळे पानावर पिवळी जाळी उमटते. तळाचे जुने पान सगळेच पिवळे पडले असेल, तर ते बहुधा वयाने किंवा नत्राच्या कमतरतेने. जवळून घेतलेल्या छायाचित्रात हा फरक स्पष्ट दिसतो.

भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटू लागते. म्हणून त्याचे छायाचित्र नऊ-दहाच्या आत घ्यावे. त्या वेळी ऊनही कोवळे असते. एक छायाचित्र समोरून घ्यावे: फिकट पिवळ्या पाच पाकळ्या, त्यांच्या तळाशी गडद तांबडा ठिपका आणि मध्यभागी पुंकेसरांचा उभा दांडा. दुसरे बाजूने घ्यावे, म्हणजे फुलाखालची दोऱ्यासारखी हिरवी दले दिसतात.

फूल उमलले त्याच दिवशी देठाला सैल दोरा बांधून तारीख लिहावी. समजा, ते सोमवारी उमलले. मंगळवारी सुकलेल्या पाकळ्या टोकाशी लोंबत असतात. त्या गळल्या की इवलीशी भेंडी दिसते. मग शनिवार-रविवारपर्यंत रोज त्याच वेळी, तितक्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे. फळाला लागून फुटपट्टी धरावी. ती फळाच्या पुढे किंवा मागे गेली, तर माप चुकते. फळावर भोक आणि भोकाशी अळीची विष्ठा दिसली, तर ती फळ पोखरणाऱ्या अळीची खूण. एक भेंडी न तोडता ठेवली, तर ती जून होऊन वाळते, शिरांवर उकलते आणि आतले बी दिसते.

प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ, झाडाचा क्रमांक आणि पान किंवा फूल खालून कितवे, हे लिहावे. त्याखाली दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. ‘शिरा पिवळ्या आहेत’ हे पाहिलेले पहिल्या ओळीत आणि ‘केवडा असावा’ हा अंदाज दुसऱ्या ओळीत. पुढे अंदाज चुकला, तरी पहिली ओळ खरीच राहते.