गाणे नेमके कोठे अडखळते?

जळगावहून एरंडोल, पारोळा असे करीत धुळ्याला जाणारा रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा आहे. समजा, या रस्त्याने निघालेल्या एका मोटारीत फोनवरची गाणी ब्लूटूथने स्टीरिओवर लावली आहेत. आवाज मधूनमधून तुटतो. स्टीरिओ बिघडला असे ठरवण्याआधी गाणे आपल्यापर्यंत कसे येते ते पाहू.

या प्रवासाचे दोन टप्पे आहेत. पहिला, इंटरनेटवरून फोनपर्यंत. दुसरा, फोनपासून स्टीरिओपर्यंत. ब्लूटूथचा संबंध फक्त दुसऱ्या टप्प्याशी आहे. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. आवाज तुटतो त्या क्षणी शेजारी बसलेल्याने फोनच्या पडद्यावरचा गाण्याचा वेळ पाहावा. आकडे थांबले असतील तर गाणे फोनपर्यंतच पोहोचलेले नाही. दोष मोबाईलच्या नेटवर्कचा. आकडे पुढे सरकत असतील आणि आवाज मात्र तुटत असेल, तर दोष बहुधा दुसऱ्या टप्प्यातला. खात्रीसाठी फोनमध्ये आधीच साठवलेले गाणे लावावे. आपल्या उदाहरणात साठवलेले गाणेही तुटते, म्हणून दुसऱ्या टप्प्याकडे वळू.

ब्लूटूथच्या लहरींची वारंवारता २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असते. म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर. या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात, आणि माणसाच्या शरीरात पाणीच अधिक. त्यामुळे फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवून त्यावर बसले, तर स्टीरिओपर्यंत पोहोचणारा संदेश फार क्षीण होतो.

याच पट्ट्यात वाय-फायही चालते. ब्लूटूथने त्यावर एक युक्ती योजली आहे. एक मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या ७९ वाहिन्यांवरून ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते, आणि ज्या वाहिन्यांवर गोंगाट आढळतो त्या टाळते. वाय-फायची एक वाहिनी यातल्या सुमारे २० वाहिन्या व्यापते, तरी बाकीच्या मोकळ्या उरतात. शिवाय हरवलेला तुकडा फोन पुन्हा पाठवतो, आणि स्टीरिओने थोडा आवाज आधीच साठवून ठेवलेला असतो. तो साठा संपेपर्यंत आपल्याला काहीच कळत नाही. संपला की गाणे अडखळते. म्हणजे अडखळणे ही पहिल्या हरवलेल्या तुकड्याची नव्हे, तर पुरवठा बराच वेळ अपुरा पडल्याची खूण आहे.

आता आपली मोटार रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवून प्रयोग करू. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फोन चालकाच्या मागच्या खिशात आहे, आणि काचेवर लावलेल्या कॅमेऱ्याचे वाय-फाय चालू आहे. प्रथम फोन खिशातून काढून पुढच्या खणात ठेवला. तुटणे पुष्कळ कमी झाले, पण थांबले नाही. मग कॅमेऱ्याचे वाय-फाय बंद केले. आवाज सलग येऊ लागला. शेवटी वाय-फाय बंदच ठेवून फोन पुन्हा खिशात घातला, तेव्हा गाणे क्वचितच अडखळले. यावरून कळते, की येथे दोन कारणांची बेरीज होत होती. क्षीण झालेल्या संदेशाला गोंगाट सोसवत नव्हता.

फोन पुढे ठेवायचा म्हणजे काचेखाली उन्हात नव्हे. खानदेशच्या मे महिन्यात तेथे तो इतका तापतो, की स्वतःला वाचवण्यासाठी आपले काम मंद करतो, आणि गाणे पुन्हा अडखळू शकते.

आवाज मुळीच येत नसेल तर प्रश्न वेगळा आहे. फोनवरचे बोलणे स्टीरिओवर ऐकू येते, पण गाणे येत नाही, असे अनेकदा घडते. याचे कारण, ब्लूटूथमध्ये बोलणे आणि गाणे यांची सोय वेगवेगळी असते. एक चालू आणि दुसरी बंद असू शकते. अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत स्टीरिओच्या नावाशेजारचे चिन्ह दाबले, की `Media audio` हे बटण दिसते. ते चालू आहे ना, हे पाहावे. गाण्याचा आवाज फोनवर शून्यावर तर नाही, आणि स्टीरिओ मोटारीतल्या दुसऱ्याच कोणाच्या फोनशी तर जोडलेला नाही, हेही तपासावे. एवढ्याने भागले नाही तर फोन आणि स्टीरिओ या दोन्हींतून जुनी जोडणी पुसून नव्याने जोडावी. एकाच बाजूने पुसल्यास दुसऱ्या बाजूकडे जुनी किल्ली राहते आणि जोडणी नाकारली जाऊ शकते.

इतके करूनही दोष राहिला, तर त्याच जागी दुसरा फोन जोडून पाहावा. तोही अडखळला तर स्टीरिओ दुरुस्तीला न्यावा. तो नीट चालला तर पहिल्या फोनकडे लक्ष द्यावे.