३०९ आणि ३१०: शिष्यवृत्तीचा परिणाम मोजायचा कसा?

शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी किती जण पुढे शिकले आणि न मिळालेल्यांपैकी किती शिकले, एवढ्या तुलनेवरून शिष्यवृत्तीचा परिणाम कळत नाही. शिष्यवृत्ती चांगले गुण मिळवणाऱ्यांनाच मिळते आणि अशी मुले ती नसती तरीही इतरांपेक्षा जास्त प्रमाणात पुढे शिकली असती. दोन गटांत जो फरक दिसतो त्यात पैशाचा वाटा किती आणि मुळातल्या तयारीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण शिष्यवृत्ती गुणांच्या ठरावीक कटऑफवर दिली जात असेल, तर हा गुंता सोडवता येतो. कटऑफच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलांच्या तयारीत म्हणण्यासारखा फरक नसतो. शिष्यवृत्तीची पात्रता मात्र एकाला मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. तेवढ्या जागेपुरता कटऑफ एखाद्या प्रयोगासारखे काम करतो. त्यावर आधारलेल्या मोजणीच्या पद्धतीला ‘रिग्रेशन डिसकंटिन्युइटी’ म्हणतात.

ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली तीही शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीच. १९६० मध्ये डोनाल्ड थिसलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नॅशनल मेरिट स्कॉलरशिप स्पर्धेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुख्य शिष्यवृत्ती थोडक्यात हुकलेल्यांपैकी ठरावीक गुणांच्या वरच्यांना गुणवत्ता प्रमाणपत्र मिळे आणि त्यांच्या नावांना प्रसिद्धी मिळे. त्याखालच्यांना फक्त कौतुकाचे पत्र येई. प्रमाणपत्र मिळालेल्यांना इतर संस्थांच्या शिष्यवृत्त्या मिळण्याची शक्यता वाढली, पण पुढे काय शिकायचे याविषयीच्या त्यांच्या मनसुब्यांत त्याने फरक पडल्याचे दिसले नाही. यानंतर ही पद्धत बरीच वर्षे मागे पडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अर्थशास्त्रज्ञांनी तिला पुन्हा हात घातला.

पद्धत नीट समजून घ्यायला कोलंबियातील ‘सेर पिलो पागा’ या योजनेइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. हुशारीचे चीज होते, असा या नावाचा अर्थ. ही योजना १ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर झाली. गरीब घरातल्या गुणवान मुलांना उच्च दर्जाचे मानांकन असलेल्या कोणत्याही विद्यापीठात, खासगी विद्यापीठातसुद्धा, शिकण्याचा पूर्ण खर्च मिळणार होता. कागदोपत्री ते कर्ज होते. पदवी पूर्ण केली की ते माफ होई. पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार विद्यार्थ्यांना लाभ मिळाला. अटी मुख्यतः दोन होत्या. शालेय शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या ‘साबेर ११’ या राष्ट्रीय परीक्षेत ५०० पैकी किमान ३१० गुण हवे होते आणि ‘सिस्बेन’ या घरगुती स्थितीच्या सरकारी निर्देशांकावर कुटुंब ठरावीक आकड्याच्या खाली असायला हवे होते. ३१० ही मर्यादा गाठणारे परीक्षार्थी साधारण वरच्या नऊ टक्क्यांत मोडत होते.

हुआना लोंदोन्यो-वेलेस, कातेरिने रोद्रिगेस आणि फाबियो सांचेस या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास करून २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य आलेख डोळ्यांसमोर आणता येतो. आडव्या अक्षावर प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण ३१० पासून किती दूर आहेत ते मांडायचे आणि उभ्या अक्षावर त्या गुणांच्या विद्यार्थ्यांपैकी किती टक्क्यांनी लगेच उच्च शिक्षणासाठी प्रवेश घेतला ते मांडायचे. निर्देशांकाची अट पुरी करणारी मुलेच या आलेखात घ्यायची. गुण वाढतात तसे प्रवेशाचे प्रमाणही हळूहळू चढत जाते, आणि ते स्वाभाविक आहे. शिष्यवृत्तीचा काही परिणाम नसेल, तर हा चढ ३१० वरूनही तसाच सलग पुढे जायला हवा. कोलंबियात तो तसा गेला नाही. ३१० च्या लगत खाली सुमारे ३७ टक्के मुलांनी प्रवेश घेतला होता. ३१० पाशी हे प्रमाण एकदम सुमारे ३२ टक्क्यांनी उडी घेऊन ६९ च्या आसपास पोचले. एका गुणाने कोणाची तयारी एवढी बदलत नाही. तिथे अचानक बदलते ती पात्रताच, म्हणून ही उडी पात्रतेच्या खात्यावर जमा करता येते.

ही उडी मोजायची कशी, यात खरे कौशल्य आहे. ३०९ आणि ३१० गुणांचीच मुले घेतली तर संख्या तुटपुंजी राहते आणि उत्तर योगायोगावर हेलकावे खाते. म्हणून दोन्ही बाजूंची थोडी अधिक मुले घ्यावी लागतात. पण जितके दूर जावे तितकी दोन गटांतली तयारी वेगळी होत जाते. समजा, दर दहा गुणांमागे प्रवेशाचे प्रमाण एरवीच दोन टक्क्यांनी चढते. दोन्ही बाजूंना तीस-तीस गुणांचा पट्टा घेऊन नुसत्या सरासऱ्यांची वजाबाकी केली, तर दोन गटांच्या सरासरी गुणांत सुमारे तीस गुणांचे अंतर असेल आणि सहा टक्के फरक शिष्यवृत्तीशिवायच दिसेल. म्हणून नुसती वजाबाकी करत नाहीत. कटऑफच्या डाव्या बाजूच्या बिंदूंतून एक सरळ रेषा काढतात, उजव्या बाजूच्या बिंदूंतून दुसरी, आणि दोन्ही रेषा ३१० पाशी जिथे पोचतात तिथले अंतर मोजतात. चढाचा हिशेब त्या रेषांतच होऊन जातो आणि उरते ती फक्त उडी. पट्टा किती रुंद घ्यायचा हे ठरवण्याची गणिती सूत्रे आता उपलब्ध आहेत, तरी काळजीपूर्वक काम करणारा संशोधक पट्टा निम्मा करून आणि दुप्पट करूनही उत्तर टिकते का ते पाहतो. एका विशिष्ट रुंदीलाच दिसणारी उडी विश्वासाची नव्हे. सरळ रेषांऐवजी खूप वळणे घेणाऱ्या वक्ररेषा काढल्या, तर त्या टोकांशी वाकड्यातिकड्या होऊन नसलेली उडीसुद्धा दाखवू शकतात.

पात्र ठरलेला प्रत्येक जण शिष्यवृत्ती घेतोच असे नाही. कोलंबियातही मानांकित विद्यापीठात प्रवेश मिळवणे आधी आवश्यक होते आणि ते सगळ्यांना जमले नाही. त्यामुळे वरची ३२ टक्क्यांची उडी पात्र ठरण्याचा परिणाम सांगते, प्रत्यक्ष पैसे मिळण्याचा नाही. समजा, पात्र मुलांपैकी ६० टक्क्यांनीच लाभ घेतला. मग ती सगळी उडी या ६० टक्क्यांमुळेच झाली असणार, म्हणून ३२ ला ०.६ ने भागायचे. उत्तर सुमारे ५३ येते. पात्रतेमुळे ज्यांनी खरोखर शिष्यवृत्ती घेतली, त्यांच्यावरचा हा परिणाम. मात्र असा भागाकार करताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: नुसते पात्र ठरून, पैसे न घेता, कोणाचे वागणे बदलले नाही.

या सगळ्या मांडणीचा पाया एकच आहे: कटऑफच्या दोन्ही बाजूंची मुले सारखी असली पाहिजेत. मुले कटऑफ गाठण्यासाठी जास्त अभ्यास करतात, एवढ्याने हा पाया ढासळत नाही. कितीही अभ्यास केला तरी ३०९ की ३११ हे कोणाला नेमके ठरवता येत नाही. एखादा प्रश्न ओळखीचा निघणे, एखादे गणित चुकणे, यांवर ते अवलंबून राहते. पाया ढासळतो तो गुण हव्या त्या ठिकाणी नेऊन बसवता आले तर. न्यूयॉर्कच्या ‘रीजंट्स’ परीक्षांत हेच घडत होते. तिथे शाळेतलेच शिक्षक उत्तरपत्रिका तपासत आणि काठावरच्या मुलांना उत्तीर्णतेच्या रेषेपलीकडे ढकलत. गुणांचा आलेख काढला तेव्हा ६५ च्या लगत खाली खड्डा आणि ६५ पाशी उंचवटा स्पष्ट दिसला. पुनर्तपासणीचे आणि तपासणीचे नियम बदलल्यावर तो नाहीसा झाला. असा खड्डा असेल तर रेषेच्या वर कोणाला नेले हे शिक्षकांच्या मर्जीने ठरलेले असते आणि दोन्ही बाजूंची तुलना निकामी होते. तो खड्डा संख्याशास्त्रीय काटेकोरपणे शोधण्याची चाचणी जस्टिन मॅक्रेरी यांनी २००८ मध्ये मांडली. तिच्या जोडीला आणखी एक साधी तपासणी करतात. आई-वडिलांचे शिक्षण, शाळेचा प्रकार, वय अशा आधीच ठरलेल्या गोष्टींचे तसेच आलेख काढायचे. शिष्यवृत्ती भूतकाळ बदलू शकत नाही, त्यामुळे या आलेखांत उडी दिसली तर गडबड दुसरीकडेच आहे.

कोलंबियाचे उदाहरण स्वच्छ ठरते ते इथेच. २०१४ ची परीक्षा ऑगस्टमध्ये झाली आणि योजना ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली. उत्तरे लिहिताना ३१० या आकड्याला काही महत्त्व येणार आहे हे कोणाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते, त्यामुळे तो आकडा गाठण्यासाठी लबाडी करण्याचा प्रश्नच नव्हता.

या उत्तराची व्याप्ती मात्र अरुंद आहे आणि ती नेमकी ओळखावी लागते. ३२ टक्क्यांचा आकडा ३१० च्या आसपासच्या गरीब मुलांपुरताच खरा आहे. ४०० गुण मिळवणाऱ्या मुलाला किंवा कटऑफ २५० वर आणला तर नव्याने पात्र ठरणाऱ्याला किती फायदा होईल, हे तो सांगत नाही. कोलंबियाच्या अभ्यासातच याचा पुरावा आहे, कारण योजनेला दुसरीही सीमा होती. गुण पुरेसे असलेल्या मुलांत निर्देशांकाच्या कटऑफच्या अलीकडे-पलीकडे अशीच तुलना केली, तेव्हा वेगळा आकडा आला. कोणत्या सीमेवर मोजणी केली त्याप्रमाणे प्रवेशातली वाढ, आधीच्या प्रमाणाच्या तुलनेत, ५६.५ ते ८६.५ टक्के निघाली. योजना एकच असली तरी दोन सीमांवर उभी असलेली मुले वेगळी होती.

कटऑफच्या खालची मुले योजनेपासून पूर्ण अलिप्त राहिली, हेही तुलनेत गृहीत धरलेले असते, आणि हा धागा थोडा सैल आहे. मागणी वाढली तशी महाविद्यालयांनी जागा वाढवल्या आणि अपात्र मुलांचेही प्रवेश वाढले, असे त्याच अभ्यासात वर्षावर्षांची तुलना केल्यावर आढळले. खालच्या बाजूची पातळीही योजनेमुळे वर सरकली असेल, तर दोन बाजूंतले अंतर योजनेचा एकूण परिणाम पुरा दाखवत नाही.

पुढच्या वर्षांत आणखी एक परिणाम समोर आला, जो गुणांच्या कटऑफवरची ही तुलना पाहूच शकत नाही. आता योजना सर्वांना माहीत होती आणि कटऑफही चढत गेला: २०१५ मध्ये ३१८, २०१६ मध्ये ३४२, २०१७ मध्ये ३४८. शिष्यवृत्ती मिळू शकते या आशेने गरीब घरातली मुले अधिक जोमाने अभ्यासाला लागली आणि वरच्या गुणांच्या गटात त्यांची कामगिरी सुधारली. ही आशा कटऑफ ओलांडलेल्यांना होती तशीच थोडक्यात हुकलेल्यांनाही होती. दोन्ही बाजूंना सारखाच लागू झालेला परिणाम वजाबाकीत उडून जातो. म्हणून तो मोजण्यासाठी संशोधकांनी योजनेआधीच्या आणि नंतरच्या वर्षांतले, गरीब आणि सुस्थित घरांतल्या मुलांचे गुण एकमेकांशी ताडून पाहिले.