पंधरा दिवसांत नाव उतरवा

२१ ऑगस्ट २०१७ रोजी मॅकडोनाल्ड्सने दिल्लीच्या कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स या कंपनीचे फ्रँचाइझी करार संपवल्याची नोटीस दिली. उत्तर आणि पूर्व भारतातली १६९ रेस्टॉरंट्स या कंपनीच्या ताब्यात होती. रॉयल्टी थकवली, अटी मोडल्या, असा आरोप होता. गंमत म्हणजे या कंपनीत निम्मा वाटा खुद्द मॅकडोनाल्ड्सचाच होता, उरलेला विक्रम बक्षी यांचा. मुंबई-पुण्यातल्या दुकानांना झळ बसली नाही, कारण पश्चिम आणि दक्षिण भारताचा कारभार वेगळ्या कंपनीकडे होता.

नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत होती, आणि नुसतं नाव काढा एवढंच सांगून ती थांबली नव्हती. बोधचिन्ह, सजावट, पाककृती, काम करण्याची पद्धत, सगळंच बंद करायचं होतं. हे इतकं खुलासेवार लिहावं लागतं, कारण मोघम लिहिलं तर समोरचा पाटी उतरवतो आणि आत तेच रंग, तोच मेनू, त्याच पिशव्या चालू ठेवतो. गिऱ्हाइकाला फरक कळतच नाही. म्हणून जाणता वकील आधी कराराचं कलम, मोडलेली अट आणि चूक सुधारायला दिलेली मुदत लिहितो, मग करार कोणत्या तारखेला संपला ते. त्यानंतर काय काय थांबवायचं ते एकेक करून सांगतो: पाट्या, गणवेश, छापील पावत्या, जाहिराती, घरपोच सेवेच्या अ‍ॅपवरचं नाव. छापून पडलेल्या मालाचं काय करायचं, विकायचा की नष्ट करायचा, हेही लिहावंच लागतं; नाहीतर ‘जुना साठा संपवतोय’ ही सबब महिनोन्महिने पुरते. शेवटी सगळं उतरवल्याचे फोटो आणि सहीचं पत्र मागायचं.

एक चूक मालकाकडूनही होते. करार संपल्याचं कळवायचं आणि पुढच्या महिन्याची रॉयल्टी मुकाट्याने खात्यात घ्यायची. मग समोरचा न्यायालयात म्हणतो, पैसे घेतलेत, म्हणजे परवाना चालूच आहे. त्यामुळे आलेली रक्कम फक्त जुन्या थकबाकीपोटी, आमचे हक्क राखून घेतली, असं लेखी कळवणं बरं.

मुदतीनंतरचा वापर विनापरवाना ठरतो, पण नोटीस स्वतः जाऊन पाटी उतरवत नाही. त्यासाठी न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो. दिल्लीतही तेच झालं. सप्टेंबरात मुदत संपली, बक्षी यांनी दाद मागितली आणि बहुतेक दुकानं चालूच राहिली. डिसेंबरात माल पुरवणाऱ्याने पुरवठा थांबवला, तेव्हा मात्र अनेकांना कुलूप लागलं. अखेर मे २०१९ मध्ये तडजोड झाली. मॅकडोनाल्ड्सने बक्षींचा वाटा विकत घेतला आणि जिला नाव उतरवायला सांगितलं होतं, त्याच कंपनीकडे ते नाव राहिलं.