क्रीडांगणातील समूहगान : चाल ओळखावी कशी?

रात्री उशिरा युरोपातील एखादा फुटबॉलचा सामना घराघरांतून पाहिला जात असतो. समालोचक क्षणभर थांबतो, आणि त्या अवकाशात पन्नास-साठ हजार कंठांतून उमटलेली एक चाल कानी येते. शब्द कळत नाहीत. कदाचित शब्द नसतातही. घरातील एखादा मुलगा विचारतो, "हे गाणे कोणते?" चाल ऐकलेली आहे, असे सर्वांनाच वाटते, नाव मात्र कोणाला आठवत नाही. मग कोणी तरी गाणे ओळखणारा मोबाईल पुढे धरतो, आणि तोही बहुधा निरुत्तर होतो. त्याचे कारण साधे आहे. अशी योजना प्रायः एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाची खूण आपल्या संग्रहातील खुणांशी ताडून पाहते. समुदाय गात असतो ते ध्वनिमुद्रण नव्हेच. ती त्या गाण्याची जनसमुदायाने केलेली नवी आवृत्ती असते. अशा वेळी भिस्त कानावरच ठेवावी लागते, आणि कानाला योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारले तर तो सहसा दगा देत नाही.

पहिली गोष्ट ही की, समुदायाचा षड्ज ठरलेला नसतो. जो पहिला आवाज देतो, त्याच्या कंठाला सोईचा स्वर तोच सर्वांचा षड्ज होतो. उत्साह वाढला की तोही हळूहळू वर सरकतो. पुरुष, स्त्रिया आणि मुले निरनिराळ्या सप्तकांत गात असतात. तेव्हा गाणे कोणत्या पट्टीत आहे, हे पाहण्यात अर्थ नाही. टिकून राहतो तो स्वरांचा परस्परसंबंध. आपल्याकडील सरगम याच संबंधावर उभारलेली असल्याने, ज्याला थोडेफार सरगमाचे ज्ञान आहे त्याचे काम निम्मे झाले म्हणावे. परंतु ज्याला तेही नाही, त्याच्यासाठीही एक युक्ती आहे. प्रत्येक स्वर मागील स्वराच्या मानाने वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच कागदावर मांडीत जावे. डेनिस पार्सन्स या इंग्रज गृहस्थाने १९७५ साली याच तत्त्वावर चालींचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यात हजारो चाली केवळ त्यांच्या चढउतारांच्या क्रमाने लाविलेल्या होत्या, आणि स्वरलेखन न जाणणाऱ्यालाही तो उपयोगी पडे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू जावे. युरोपातील क्रीडांगणांत सात स्वरांची एक चाल वारंवार ऐकू येते. तिला शब्द नसतात; लोक नुसत्या 'ओ'कारावर किंवा 'पो पो' अशा निरर्थक अक्षरांवर ती गातात. पहिल्या स्वराला षड्ज मानले तर ती अशी मांडता येते : सा, पुन्हा सा, कोमल ग, परत सा, मग मंद्र सप्तकातील कोमल नि, कोमल ध आणि शेवटी प. युक्तीच्या भाषेत सांगायचे तर, पहिल्या स्वरानंतर क्रम असा पडतो : तोच, वर, खाली, खाली, खाली, खाली. एकदाच वर उडी आणि मग चार पायऱ्या उतरत जाणे, हा त्या चालीचा चेहरा होय.

परंतु चेहरा ओळखण्याची घाई करू नये. ब्रिटनच्या राष्ट्रगीताची सुरुवात याच पद्धतीने मांडली तर काय दिसते? १९४७ पूर्वी ही चाल मुंबईतील सरकारी समारंभांतही वाजत असे, त्यामुळे जुन्या मंडळींना ती अपरिचित नव्हती. तिचे स्वर आहेत सा, सा, रे, मंद्र नि, सा, रे. क्रम पडतो : तोच, वर, खाली, वर, वर. म्हणजे पहिल्या तीन पावलांपर्यंत या दोन अगदी भिन्न चाली एकसारख्याच दिसतात! चौथ्या पावलाला त्या अलग होतात. एक उतरतच राहते, दुसरी माघारी वळून चढू लागते. यावरून ध्यानात येईल की, चार स्वर ऐकून नाव सांगणारा बहुधा फसतो. निदान सहा-सात स्वर हाती येईपर्यंत थांबलेच पाहिजे.

तेवढ्यानेही संशय फिटला नाही, तर लयीकडे वळावे. ब्रिटिश राष्ट्रगीत तीन-तीन मात्रांच्या खंडांनी चालते; एक-दोन-तीन असे मोजीत गेले की पहिली मात्रा ठळक लागते. सात स्वरांची ती चाल मात्र आठ मात्रांत पुरी होते. पहिला सा दीड मात्रेचा, दुसरा अर्ध्या मात्रेचा, पुढील तीन स्वर मिळून दोन मात्रांत बसविलेले, आणि शेवटचे दोन स्वर प्रत्येकी दोन मात्रा लांबविलेले. सुरुवातीस रेंगाळणे, मध्ये घाई आणि शेवटी जड पावलांनी उतरणे, ही तिची चालण्याची ढब होय. स्वर बेसूर झाले तरी ही ढब समुदाय सहसा सोडीत नाही. म्हणून गोंगाटात स्वरापेक्षा लय अधिक विश्वासाची साक्षीदार ठरते.

समुदायाच्या गाण्यात बिघाड कोठे होतो, हेही जाणून घेतले पाहिजे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. फुटबॉलचे मैदानच सुमारे १०५ मीटर लांबीचे. त्यापलीकडे दोन्ही टोकांस प्रेक्षकांच्या रांगा. तेव्हा एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकास पोहोचण्यास सेकंदाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग लागतो. उपरोक्त सात स्वरांची चाल मूळ गाण्यात मिनिटाला सुमारे १२४ मात्रांच्या गतीने जाते. म्हणजे एक मात्रा जेमतेम अर्ध्या सेकंदाची. दूरच्या टोकाचे लोक ऐकलेल्या आवाजाला धरून गाऊ लागले, तर ते अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडतात. मध्यभागी उभा असलेला मनुष्य दोन्ही प्रवाह एकदम ऐकतो, आणि त्याच्या कानी स्वरांचा चिखल येतो. यावर उपाय एकच : सर्व क्रीडांगण एकदम ऐकण्याचा मोह सोडून जवळच्या एका बाजूवर कान रोखावा, आणि चाल तीन-चार वेळा फिरून येऊ द्यावी. पहिल्या आवर्तनात जे निसटते, ते तिसऱ्यात सापडते.

दुसरा बिघाड स्वरांच्या जवळिकीमुळे होतो. त्या चालीतील शेवटचे दोन स्वर, कोमल ध आणि प, यांत अर्ध्या स्वराचेच अंतर आहे. हजारो अशिक्षित कंठांत ते अंतर पुष्कळदा पुसले जाते, आणि शेवटच्या पावलाला 'खाली' ऐवजी 'तोच' ऐकू येते. म्हणून कागदावरील क्रमात एखादी चूक असणारच असे धरून चालावे, आणि बाकीची पावले जुळत असतील तर एका पावलासाठी उत्तर टाकून देऊ नये. मोठी उडी मात्र सहसा चुकत नाही. सा वरून कोमल ग वर जाणे कोणालाही स्पष्ट ऐकू येते.

अशा रीतीने शोध घेतला म्हणजे नाव हाती लागते. ही चाल 'द व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकन वादक-जोडीच्या 'सेव्हन नेशन आर्मी' या २००३ सालच्या गाण्याची. गंमत अशी की, समुदाय गातो तो भाग मूळ गाण्यात कोणी गातच नाही. तो गिटारवर वाजविलेला आहे. जो शब्दांच्या मागे लागतो, त्याला हे गाणे सापडत नाही ते यामुळेच. बेल्जियममधील ब्रुज शहराच्या क्लब ब्रुज या संघाचे पाठीराखे २२ ऑक्टोबर २००३ रोजी मिलान येथे सामन्यासाठी गेले असता तेथील मद्यगृहात त्यांनी हे गाणे ऐकले आणि ती चाल उचलली. त्या दिवशी त्यांच्या संघाने ए. सी. मिलानला एका गोलाने हरविले. विजयाबरोबर चालही ब्रुजला आली. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये रोमचा संघ ब्रुजला खेळावयास गेला, तेव्हा ती इटलीत पोहोचली. आणि त्याच वर्षी इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा ती इटालियन लोकांची विजयघोषणाच होऊन बसली.

येथेच ऐकणाऱ्याची खरी कसोटी लागते. गाण्याचे नाव कळले, म्हणजे गाणारा कोण हे कळले असे नव्हे. हीच चाल आज अनेक देशांतील पाठीराखे आपापल्या संघासाठी गातात. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे १९४५ सालच्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकातील गीत लिव्हरपूलचे म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ते ग्लासगोच्या सेल्टिक संघाचे आणि डॉर्टमुंडचे लोकही तितक्याच आस्थेने गातात. तेथे निर्णय गळपट्ट्यांच्या रंगावरून करावा लागतो : तांबडा, हिरवा-पांढरा, की पिवळा-काळा. राष्ट्रगीतांच्या बाबतीतही हेच घडते. लिक्टेन्स्टाइन या चिमुकल्या देशाचे राष्ट्रगीत ब्रिटिश राष्ट्रगीताच्याच चालीवर आहे. २००३ साली इंग्लंड आणि लिक्टेन्स्टाइन यांचे दोन सामने झाले, एक फाडुट्स येथे आणि दुसरा मँचेस्टर येथे. दोन्ही राष्ट्रगीतांची चाल एकच! तेथे स्वर आणि लय काहीच सांगू शकत नाहीत. सांगते ती केवळ भाषा, एकीकडे जर्मन व दुसरीकडे इंग्रजी.

याहून नाजूक प्रश्न हेतूचा आहे. क्यूबातील 'ग्वांतानामेरा' या गाण्याची चाल इंग्लंडच्या क्रीडांगणांत नित्य ऐकू येते. त्याच चालीवर एखाद्या आवडत्या खेळाडूला, तुझ्यासारखा तूच, असे म्हणून डोक्यावर घेतात. आणि त्याच चालीवर समोरच्यांना, जिंकत असतानाच तुम्हाला कंठ फुटतो, असा टोमणाही मारतात. काही चालींवर याहूनही कठोर शब्द बसविलेले असतात. चाल गोड वाटली म्हणून पाहुण्याने आपलाही सूर तीत मिळविला, तर स्तुतीत सामील झालो की निंदेत, हे त्याचे त्यालाच कळणार नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चाल कोणती, हे स्वरांचा चढउतार आणि लय सांगते. गाणारा कोण, हे रंग, भाषा आणि स्थळ सांगते. आणि तो काय म्हणत आहे, हे शब्द कळल्याशिवाय सांगता येत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले म्हणजे उरलेल्या दोहोंचेही सापडले, असे मानणे हीच या विषयातील सर्वांत साधी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक होय.